पूर-पुस्तिकेतली चित्रं कानांनी वाचता यावीत म्हणून: तयार फाइलमध्ये ऑल्ट टेक्स्ट कसं भरायचं

सांगलीत पावसाळा तोंडावर आला की डीटीपीवाल्यांकडे एक काम हमखास येतं. कुठलं तरी मंडळ, कुठली तरी सोसायटी गेल्या वर्षीची पूर-माहितीपुस्तिका घेऊन येते. तारखा बदला, फोन नंबर तपासा, मुखपृष्ठावरचं साल बदला, झालं. पूर्वी ती छापून वाटायचे. आता बहुतेक वेळा पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतात. फाइल अशी फिरायला लागली की ती डोळ्यांनी वाचणाऱ्यांबरोबर कानांनी वाचणाऱ्यांकडेही जाते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, पूर्ण अंध. अशा पुस्तिका ते एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकतात. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. थोडा यंत्रासारखा बोलतो, पण कळतं.

स्क्रीन रीडर मजकूर वाचत वाचत खाली येतो आणि चित्र लागलं की त्या चित्राला जोडलेला लपलेला मजकूर शोधतो. तो मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. सापडलं तर वाचतो. नाही सापडलं तर ‘ग्राफिक’ एवढं म्हणून पुढे जातो. पुस्तिकेत ‘पाणी वाढू लागल्यास खालील मार्गाने बाहेर पडावे’ असं वाक्य असेल आणि त्याखाली नकाशाचं चित्र असेल, तर सरांना ऐकू येतं ते असं: ‘खालील मार्गाने बाहेर पडावे. ग्राफिक.’

आणि याच्या उलटही त्रास असतोच. पानापानावर फुलांची वेलबुट्टी, कोपऱ्यात स्वस्तिक, मथळ्याखाली रंगीत पट्टी. या प्रत्येक ठिकाणी ‘ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक’. म्हणून तयार फाइल हातात घेतली की कामाच्या दोन बाजू असतात. जे चित्र काही सांगतंय त्याला शब्द द्यायचे, आणि जे नुसतं शोभेला आहे त्याच्यावर तशी खूण करून स्क्रीन रीडरला ते ओलांडू द्यायचं. वेबवरच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांतला सगळ्यांत पहिला निकष, १.१.१, नेमका हाच आहे.

मी इथे मायक्रोसॉफ्ट वर्डची नवी आवृत्ती धरून लिहितो, कारण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइली त्यातल्याच असतात. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच देतो.

हात लावण्याआधी

फाइलची प्रत करून घ्या आणि तिचं शेपूट बघा. `.doc` असेल तर `File > Info > Convert` करून `.docx` करा. जुन्या स्वरूपात सुगम्यता तपासणी नीट चालत नाही आणि शोभेच्या चित्राची खूणही टिकत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीची. पुष्कळ जुन्या पुस्तिका श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर ‘धोका’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा असतो. फॉन्टमुळे तो मराठी दिसतो इतकंच. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, पोटातली अक्षरं वाचतो. त्याला तो लगदाच ऐकू येणार. ऑल्ट टेक्स्टच्या चौकटीत तर फॉन्ट निवडायची सोयच नसते. चित्राखालची ओळ कॉपी करून त्या चौकटीत टाकली की तुम्हालाही तो लगदा उघडा दिसेल. कुठला फॉन्ट खरा युनिकोड आणि कुठला नाही, हे ओळखायची ही चांगली परीक्षा आहे. मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर आधी सगळी फाइल बदलून घ्या. नुसत्या चित्रांना ऑल्ट टेक्स्ट देऊन काही साधत नाही. आणि ऑल्ट टेक्स्ट टाइप करताना कीबोर्ड युनिकोड मराठीचा हवा, इन्स्क्रिप्ट असो वा फोनेटिक.

आता चित्रं किती आणि कुठे आहेत ते बघा. `Review > Check Accessibility` दाबलं की उजवीकडे एक पट्टी उघडते आणि ज्या चित्रांना काहीच लिहिलेलं नाही त्यांची यादी येते. यादीतल्या नावावर क्लिक केलं की वर्ड त्या चित्रापाशी नेऊन उभं करतं. पण या यादीवर विसंबू नका. रकाना रिकामा आहे की भरलेला, एवढंच तिला कळतं. रकान्यात `IMG-20190809-WA0031.jpg` असं लिहिलेलं असतं, कधी वर्डनेच स्वतःहून घातलेलं इंग्रजी वाक्य असतं आणि त्याच्या शेवटी `Description automatically generated` अशी शेपटी असते. कुणीतरी तपासणीचं तोंड बंद करायला नुसती एक रेघ किंवा टिंब टाकलेलं असतं. हे सगळं ‘भरलेलं’ म्हणून सुटू शकतं. म्हणून मी शोधाच्या चौकटीत `^g` टाकतो. ओळीत बसवलेली चित्रं एकेक करून सापडत जातात. बाकीची, म्हणजे मजकुरावर तरंगणारी, `Home > Select > Selection Pane` मध्ये दिसतात.

एखाद्या चित्रावर उजवं क्लिक करून `View Alt Text` निवडा. काही आवृत्त्यांत तेच `Edit Alt Text` असतं. उजवीकडे लिहायची चौकट येते आणि तिच्याखाली `Mark as decorative` ही खुणेची जागा. खूण केली की वरची चौकट करडी होते, तिच्यात लिहिता येत नाही. वर्ड २०१६ मध्ये ही खुणेची जागा नव्हती, तिथे `Title` आणि `Description` असे दोन रकाने असत. तसं दिसलं तर `Description` मध्येच लिहा.

क्लिक एवढेच. अवघड भाग याच्यापुढे आहे.

हे चित्र इथे कशाला आहे?

सुरुवातीला सगळेच चित्राचं वर्णन करायला बसतात. काय काय दिसतं ते लिहीत जातात. सरांनी एकदा एका पुस्तिकेतलं असं लांबलचक ऑल्ट टेक्स्ट ऐकून मला विचारलं, “फोटोत ढग आहेत हे कळलं रे. पण हा फोटो इथे टाकलाय कशासाठी?” काम करताना तोच प्रश्न विचारायचा. चित्र पानावरून काढून टाकलं तर वाचणाऱ्याचं काय हुकेल? जे हुकेल तेवढंच लिहायचं. काहीच हुकत नसेल तर ते शोभेचं.

म्हणून एकच फोटो एका पानावर सजावट असतो आणि दुसऱ्या पानावर माहिती. आयर्विन पुलाचाच फोटो घ्या. १९२९ साली बांधलेला हा दगडी पूल आणि त्याची कमानींची रांग सांगलीकरांच्या ओळखीची. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे, वर मोठ्या अक्षरांत पुस्तिकेचं नाव आणि खाली सोसायटीचं. इथे फोटो नुसतं वातावरण करतो. मी त्यावर शोभेची खूण करतो. आतल्या पानावर तोच पूल पुन्हा आहे, पण पुराच्या वेळचा, आणि शेजारी मजकूर आहे: ‘पाणी किती चढते याचा अंदाज येण्यासाठी छायाचित्र पाहा.’ इथे फोटोला काम दिलेलं आहे. इथे लिहावंच लागेल.

काय लिहायचं? माझ्या हाती आलेल्या फाइलमध्ये होतं: ‘आयर्विन पुलाचा फोटो’. यातून पाणी किती चढलं ते कळत नाही. दुसरं टोक असं: ‘करड्या ढगांखाली तपकिरी पाणी, उजवीकडे झाडं, दूरवर इमारती, पुलावर छत्री घेतलेली माणसं...’ ऐकणारा दमेल आणि नेमकी गोष्ट निसटेल. मी लिहिलं:

‘पुराच्या वेळचा आयर्विन पूल. एरवी पाण्याच्या वर मोकळ्या दिसणाऱ्या कमानी बहुतेक बुडाल्या आहेत, पाणी पुलाच्या रस्त्याच्या जवळ आलं आहे.’

दोन वाक्यं. सुरुवातीला ‘फोटो’ हा शब्द नाही, कारण स्क्रीन रीडर आधीच ‘ग्राफिक’ म्हणतो. नकाशा, आलेख, हातानं काढलेली आकृती असेल तर मात्र तसं सांगावं, त्यावरून ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते कळतं. आणि फोटोखाली छापलेली ओळ असेल तर तीच पुन्हा ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहू नका. स्क्रीन रीडर दोन्ही वाचतो, एकच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकावं लागतं.

किती लांब असावं, यावर इकडे तिकडे १२५ अक्षरांचा आकडा फिरतो. डब्ल्यूसीएजीमध्ये असा कुठलाही आकडा नाही. पण ऑल्ट टेक्स्टला परिच्छेद नसतात, मथळे नसतात, मागे जाऊन एखादा आकडा पुन्हा नीट ऐकणं त्यात जिकिरीचं होतं. दोन-तीन वाक्यांत मावत नसेल तर ती माहिती त्या चौकटीत ठेवायचीच नाही. ती पानावर उघड मजकूर म्हणून यायला हवी. हे आलेखाच्या बाबतीत फार लवकर कळतं.

आलेख आणि नकाशा

पुस्तिकेत एक स्तंभालेख होता, आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा. चार स्तंभ: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, मग २००५ चा महापूर आणि २०१९ चा महापूर. २००५ चा स्तंभ ५३ फुटांच्या वर जातो, २०१९ चा ५७ च्याही वर. हा आलेख कुणीतरी एक्सेलमधून चित्र म्हणून चिकटवला होता. म्हणजे आतले आकडे स्क्रीन रीडरला मुळीच दिसत नव्हते.

पहिला मोह होतो तो सगळे आकडे ऑल्ट टेक्स्टमध्ये ओतण्याचा. चार स्तंभ असताना ते चालूनही जाईल. पण उद्या तिथे रोजच्या पातळीचा महिनाभराचा आलेख आला तर काय करणार? म्हणून सवय अशी ठेवा की आलेखाला ऑल्ट टेक्स्टमध्ये त्याचं म्हणणं सांगायचं आणि आकडे खाली खऱ्या तक्त्यात द्यायचे. तक्ता `Insert > Table` मधून केलेला, पहिल्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून खूण केलेला. ऑल्ट टेक्स्ट असं झालं:

‘स्तंभालेख: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी. २००५ आणि २०१९ हे दोन्ही महापूर ४५ फुटांच्या धोका पातळीच्या बरेच वर गेले होते, २०१९ चा सर्वांत वर. आकडे खालच्या तक्त्यात.’

‘निळ्या रंगाचे दोन आणि लाल रंगाचे दोन स्तंभ’ हे यात नाही. रंगानं काही अर्थ सांगितला असेल तर तो अर्थ लिहा, रंग नको. तक्ता घातल्याने एक फायदा डोळ्यांनी वाचणाऱ्यांचाही झाला. छापील प्रतीत स्तंभांवरचे बारीक आकडे पुसट आले होते, ते आता खाली स्पष्ट वाचता येत होते.

नकाशाने जास्त वेळ खाल्ला. त्यात गावभागाची गल्लीवार आकृती होती. कुठल्या पातळीला कुठे पाणी येतं ते पिवळ्या, केशरी, लाल रंगांत दाखवलं होतं आणि त्यावर बाहेर पडण्याच्या मार्गाचा जाड बाण. म्हणजे एका चित्रावर दोन कामं लादलेली होती, आणि दोन्ही जिवाशी गाठ असलेली. असं चित्र दोन वाक्यांत सांगता येत नाही आणि सांगण्याचा प्रयत्नही करू नये. मी आधी नकाशाखाली सरळ मजकूर लिहून घेतला. बाहेर पडण्याचा मार्ग क्रमाने: गल्लीतून मुख्य रस्त्याला, तिथून राममंदिर चौक, मग पुष्पराज चौक आणि मिरज रस्त्याने विश्रामबागेकडे. त्याखाली कुठल्या पातळीला कुठली गल्ली, ही यादी सोसायटीच्या सचिवांकडून मागून घेतली, कारण नकाशातल्या रंगांवरून अंदाजानं ती मी लिहिणं बरोबर नव्हतं. हा मजकूर आल्यावर ऑल्ट टेक्स्टला फार काम उरलं नाही:

‘नकाशा: पाणी येणाऱ्या गल्ल्या आणि बाहेर पडण्याचा मार्ग. हीच माहिती खाली शब्दांत दिली आहे.’

इथे कुणी म्हणेल, सगळं खाली लिहिलंच आहे तर नकाशाला शोभेची खूण का करू नये? तसं करता येतं, चूक म्हणणार नाही. पण नकाशा आहे हेच ऐकणाऱ्याला कळलं नाही तर शेजारच्यानं ‘त्या नकाशात बघा’ म्हटल्यावर तो गोंधळतो. महत्त्वाच्या चित्राचं अस्तित्व तरी एका ओळीत कळू द्यावं, असं माझं मत.

लहानसहान चित्रं

मोठ्या चित्रांपेक्षा इथेच जास्त चुका होतात. फोन नंबरांच्या यादीत प्रत्येक नंबराआधी हिरवं किंवा निळं चिन्ह होतं. शेजारी ‘फोन’ असा शब्द असता तर चिन्ह शोभेचं. पण या यादीत शब्द नव्हता. हिरवं चिन्ह म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, निळं म्हणजे नुसता फोनचा. ऐकणाऱ्याला दोन नंबर सारखेच. प्रत्येक चिन्हाला ‘व्हॉट्सअ‍ॅप’ आणि ‘फोन’ एवढं ऑल्ट टेक्स्ट देता आलं असतं, पण मी शब्दच छापून टाकले आणि चिन्हांवर शोभेची खूण केली. ज्यांना रंगांतला फरक कळत नाही त्यांचंही भागलं.

बोधचिन्हाचं तसंच. शेजारी सोसायटीचं नाव मजकुरात लिहिलेलं असेल तर ते शोभेचं. नाव फक्त चिन्हाच्या आतच असेल तर ऑल्ट टेक्स्टमध्ये नाव लिहा, चिन्हातला मोर, कमळ, नांगर यांचं वर्णन नको. ते चिन्ह पानाच्या वरच्या हेडरमध्ये असेल तर आणखी एक अडचण आहे. हेडर-फूटरमधलं काही स्क्रीन रीडर सहसा आपणहून वाचत नाही, आणि पीडीएफ करताना वर्ड ते पानाच्या सजावटीत जमा करतं. पुस्तिका कुणी काढली हे फक्त हेडरमध्येच असेल तर पहिल्या पानावर मजकुरात एकदा लिहून टाका.

क्यूआर कोड असेल तर ‘क्यूआर कोड’ एवढं ऑल्ट टेक्स्ट देऊन उपयोग नाही. तो कुठे नेतो ते लिहा आणि खाली तीच लिंक मजकुरात द्या. अंध माणूस आपल्याच मोबाइलवर फाइल ऐकत असेल तर त्याच पडद्यावरचा कोड त्याच मोबाइलनं कसा टिपणार?

आणि सूचनांचा फोटो. कुणीतरी जुन्या नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढून तो पानभर चिकटवलेला असतो. त्याला ऑल्ट टेक्स्ट लिहीत बसू नका. ती सूचना टाइप करा आणि फोटो काढून टाका.

तरंगणारी चित्रं आणि तुकड्यांच्या आकृत्या

तयार फाइलींत चित्रं मजकुरावर मोकळी सोडलेली असतात, कारण माउसनं हवी तिथे ओढता येतात. डोळ्यांना ती जागच्या जागी दिसतात, पण स्क्रीन रीडरसाठी ती ज्या परिच्छेदाला अडकवलेली असतात तिथली. तो परिच्छेद अर्धं पान वरही असू शकतो. सुगम्यता तपासणी अशांना ‘ओळीत नाही’ म्हणून वेगळी सूचना देते. चित्रावर क्लिक केल्यावर शेजारी येणारं `Layout Options` चं बटण दाबा आणि `In Line with Text` निवडा. पानाची मांडणी थोडी विस्कटेल. ती सावरून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही.

पुस्तिकेत एक आकृती होती: चौकोनांत ‘भोंगा’, ‘वीज बंद’, ‘कागदपत्रं सोबत’, ‘बाहेर पडा’, आणि मध्ये बाण. ती एक आकृती दिसत होती, पण होते सुटे तुकडे, आणि प्रत्येक बाणाला वेगळं ऑल्ट टेक्स्ट मागितलं जात होतं. अशा वेळी `Ctrl` धरून सगळे तुकडे निवडा, उजवं क्लिक, `Group > Group`, आणि मग त्या संपूर्ण गटाला एकच ऑल्ट टेक्स्ट. क्रम सांभाळा: ओळीत बसवलेले तुकडे एकत्र निवडता येत नाहीत, म्हणून आधी गट करायचा आणि नंतर गटाला `In Line with Text` करायचं. पीडीएफमध्ये गट म्हणजे एक चित्र होतं आणि चौकोनांतले शब्द वेगळे वाचले जातीलच असं नाही. म्हणून ते शब्द ऑल्ट टेक्स्टमध्ये क्रमाने यायलाच हवेत. खरं सांगायचं तर या आकृतीच्या जागी मी आकड्यांची साधी यादी केली. चार पायऱ्यांना बाणांची गरज नव्हती.

पीडीएफ करताना सगळं वाया जाऊ नये

इथवर केलेलं काम एका चुकीच्या क्लिकनं जातं. पीडीएफ करायला बरेच जण `Print` मध्ये जाऊन `Microsoft Print to PDF` निवडतात. असं केलं की पान छापल्यासारखं बनतं. दिसतं तंतोतंत तेच, पण ऑल्ट टेक्स्ट आणि शोभेच्या खुणा त्यात उतरत नाहीत. त्याऐवजी `File > Save As` मध्ये `PDF` निवडा, `Options` उघडा आणि `Document structure tags for accessibility` समोर खूण आहे ना ते बघून मग जतन करा. असं केल्यावर शोभेची खूण असलेली चित्रं पीडीएफमध्ये निव्वळ सजावट म्हणून नोंदली जातात आणि स्क्रीन रीडर त्यांच्यावरून न थांबता जातो. लिबरऑफिस वापरत असाल तर ७.५ आवृत्तीपासून तिथेही `Decorative` ची खूण आहे, आणि पीडीएफ काढताना `Tagged PDF` निवडावं लागतं.

वर्डची फाइल हरवली आणि फक्त पीडीएफ हाती असेल, तर अ‍ॅक्रोबॅटच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत ऑल्ट टेक्स्ट भरता येतं आणि तिथेही `Decorative figure` अशी खूण आहे. फुकट मिळणाऱ्या रीडरमध्ये हे करता येत नाही. म्हणून मंडळाला देताना मी पीडीएफबरोबर `.docx` सुद्धा देतो.

ऐकून बघणं

एनव्हीडीए टाकून घ्या आणि फाइल स्वतः ऐका. आवाजाची सवय नसेल तर एनव्हीडीएच्या `Tools` मेनूत `Speech viewer` आहे. जे बोललं जातंय ते एका खिडकीत लिहून येतं. पीडीएफ उघडा, `Insert` आणि खाली जाणारा बाण एकत्र दाबा, सगळं सलग वाचायला सुरुवात होईल. `G` दाबलं की एका चित्रावरून पुढच्या चित्रावर उडी. अशी उडी मारताना मुखपृष्ठावरची वेलबुट्टी लागली तर समजा शोभेची खूण पोचली नाही. ‘ग्राफिक’ एवढंच ऐकू आलं तर ऑल्ट टेक्स्ट राहिलं आहे. आणि इंग्रजी अक्षरांचा लगदा ऐकू आला तर कुठे तरी जुना फॉन्ट शिल्लक आहे.

एक गोष्ट मात्र ऐकूनही कळत नाही, ती म्हणजे ऑल्ट टेक्स्ट खरं आहे का. चित्र कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ऑल्ट टेक्स्ट त्याच्यासोबत जातं. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेतून घेतलेल्या चित्राला गेल्या वर्षीचे शब्द असतात. आलेखाचे स्तंभ बदलले तरी मागचं वाक्य आपोआप बदलत नाही. ते जुनंच वाक्य ठामपणे वाचून दाखवलं जातं, आणि तपासणीही तिथे काही बोलत नाही. आकडे तक्त्यात आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये फक्त आलेखाचं म्हणणं, या मांडणीचा इथे उपयोग होतो: दर जूनमध्ये तक्ता तर बदलावाच लागतो, आणि तो बदलताना त्याच्या वरच्या आलेखावर उजवं क्लिक करून ते एक वाक्य वाचून घ्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तिकांच्या कामाच्या कागदावर मी आता ‘तारखा’ आणि ‘फोन नंबर’ यांच्या खाली ‘चित्रांमागचे शब्द’ अशी तिसरी ओळ घालून ठेवली आहे.